आबांच्या वहीतले आकडे

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की, 'आबांचं काय झालं ते नीट सांग.' म्हणून हा भाग फक्त आबांचा. नेहमीप्रमाणे बोललेलंच लिहून काढलंय, थोडं इकडंतिकडं सावरून.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय ७४. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. दीड एकर ऊस, दोन म्हशी, आणि विहिरीवरची एक मोटर जिच्यावर आबांचं आज्जीपेक्षा जास्त लक्ष असतं. आठ वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला होता. तेव्हा स्टेंट टाकला, वर्षभर गोळ्या नीट घेतल्या, मग हळूहळू सगळेच विसरून गेलो. आम्हीही आणि तेही.

मागच्या जानेवारीत त्यांना खोकला लागला. कोरडा, आणि गंमत म्हणजे फक्त रात्री. थंडी होती, ऊसतोड चालू होती, सगळीकडं धूळ आणि पाचट. सगळ्यांनी धरून चाललं की धुळीचाच खोकला. दोन बाटल्या कफ सिरप संपलं. मग आज्जीनं फोनवर मला एक गोष्ट सहज सांगितली, "आरं, हल्ली त्यांना तीन उशा लागत्यात. काल तर खुर्चीतच झोपले बसून."

मंडळी, इथं मला काहीच कळलं नाही. तुम्हाला मात्र कळावं म्हणून सांगतोय. आडवं झालं की दम लागतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून आलं तर ते खोकल्याचं औषध देऊन सोडून द्यायचं नाही. डॉक्टर लोक विचारतात ना, 'किती उशा घेऊन झोपता?' तो टाइमपास प्रश्न नसतो. आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा अंगातलं जास्तीचं पाणी पायाकडं उतरतं. आडवं झालं की ते परत छातीकडं येतं. हृदय दमलेलं असेल तर त्याला ते पुढं ढकलता येत नाही, मग ते फुप्फुसात तुंबतं. म्हणून रात्रीचा खोकला, आणि म्हणून खुर्ची.

आत्या सांगलीला असते. ती संक्रांतीला गावी आली, तिनं आबांचे पाय बघितले. नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, तर खळगा तसाच राहिला. कणकेत बोट दाबल्यासारखा. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कोरेगावातून रेल्वेत बसवलं आणि घेऊन गेली. मी पुण्याहून थेट तिकडं पोचलो.

इको झाला, रक्त तपासलं, आबांना पाच दिवस ठेवून घेतलं. शिरेतून लघवी वाढवायचं औषध दिलं. आले तेव्हा वजन ६४ किलो, सोडलं तेव्हा साडेएकोणसाठ. साडेचार किलो नुसतं पाणी! पायाच्या घोट्याचं हाड मला कित्येक महिन्यांनी दिसलं.

घरी जाताना आबांनी फाईल माझ्या हातात दिली. "वाच, काय लिवलंय."

मी वाचलं. हार्ट फेल्युअर.

"फेल?" आबा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत बसले. किर्लोस्करवाडी गेलं, कराड गेलं, तरी एक शब्द नाही.

आमच्याकडं 'हार्टफेल' हा शब्द एकाच अर्थानं वापरतात. अमका हार्टफेलनं गेला. म्हणजे मेला. आबांनी तोच अर्थ घेतला, आणि चूक त्यांची नव्हती. आम्ही कुणीच त्यांना बसवून सांगितलं नाही की या शब्दाचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. हृदय चालू आहे, फक्त अंगाला लागतं तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही. घरी आल्यावर त्या आठवड्यात त्यांनी मला मोटरच्या स्टार्टरची चावी कुठं असते ते दाखवलं. सोसायटीचं पासबुक आज्जीच्या पेटीत ठेवलं. म्हशी कुणाला द्यायच्या तेही सांगून झालं. मला वाटलं, आबा कामं आवरतायत. ते निरोप घेत होते, हे मला आज्जीनं सांगितल्यावर कळलं.

बरं, फाईलमध्ये अजून एक आकडा होता, त्यानं आणखी घोळ घातला. इजेक्शन फ्रॅक्शन, ३० टक्के. आबांनी सरळ हिशोब केला, ३० टक्के चालू म्हणजे ७० टक्के मेलं. हा हिशोब मीही केला होता, आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी केला असता. पण तो चुकीचा आहे. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्तानं भरतो आणि दाबून ते बाहेर टाकतो. आत असलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर गेलं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचंसुद्धा शंभर टक्के कधीच जात नाही. साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान जातं, बाकीचं आतच राहतं. म्हणजे आबांचे ३० हे शंभरपैकी नाहीत, साठेकापैकी आहेत. कमी आहेतच, चांगलेच कमी आहेत. पण 'सत्तर टक्के मेलं' हे खरं नाही. आठ वर्षांपूर्वीच्या अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग गेला, त्या जागी जून कातड्यासारखा व्रण राहिला, आणि उरलेल्या स्नायूनं इतकी वर्षं सगळं ओढलं. ओढून ओढून तो सैल पडला, असा हा प्रकार.

दोन-तीन आठवडे गेले आणि आबा मेले नाहीत. उलट झोप लागायला लागली, एका उशीवर आले, जेवण जायला लागलं. मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. आबांनी ठरवलं, बरं झालो.

इथून पुढं जे झालं ते मी तारखेवार सांगू शकतो, कारण नंतर आम्ही बसून सगळं जोडलं. आधी पाण्याची गोळी बंद झाली. पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी. शेतात गेलं की सारखं आडोसा शोधावा लागतो, म्हणून. मग एक गोळी मेडिकलवाल्याच्या बोलण्यावरून गेली. तो म्हणाला, "आबा, ही तर शुगरची गोळी आहे, तुम्हाला शुगर कुठंय?" त्याचं अर्धं खरं होतं. ती गोळी निघाली मधुमेहासाठीच. पण २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही ती उपयोगी पडते, आणि तेव्हापासून ती हृदयासाठी देतात. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी माणूस डॉक्टरपेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकतो.

मग गुडघा. थंडीत आबांचा गुडघा धरतो. त्यांनी नेहमीची दुखण्याची गोळी आणली, सकाळ-संध्याकाळ, सहा दिवस. ही बारीक गोष्ट वाटते, पण आमच्या गोष्टीतला खरा खलनायक बहुतेक हीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. हार्ट फेल्युअरच्या माणसाला त्या चालत नाहीत. घरात कुणाला हा आजार असेल तर दुखण्याची कुठली गोळी चालेल हे आधीच विचारून ठेवा, दुखायला लागल्यावर नको.

आणि वर सांगलीचं लग्न. दोन दिवस पंगत, लोणचं, पापड, मठ्ठा, आणि निघताना आत्यानं बांधून दिलेलं भडंग. आबा रेल्वेत भडंग खात आले, तहान लागली म्हणून बाटलीभर पाणी प्याले. मार्चचा पहिला आठवडा. चौथ्या रात्री तीन वाजता आज्जीचा फोन. आबा अंगणात बसलेले, बोलताना एका श्वासात चार शब्द पुरत नव्हते. वजन परत ६३.

या वेळी दवाखान्यातून सोडायच्या आधी डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली आणि आबांच्या समोर बसल्या. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्या वेळी हेच राहिलं होतं. त्यांनी विचारलं, "आबा, तुम्ही काय करता?"

"शेती. ऊस हाय."

"तुमच्याकडं क्षारपड जमीन आहे?"

"न्हाई, आमच्याकडं न्हाई. हिकडं हाय, वाळव्याला, मिरजंला. पाणी देऊन देऊन लोकांनी रानं घालवली."

"मग तुम्हाला सगळं येतं," बाई म्हणाल्या.

आणि त्या जे बोलल्या, त्यानंतर आबांचा चेहरा बदलला. मी माझ्या भाषेत सांगतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात उसाला वर्षानुवर्षं वारेमाप पाणी दिलं, निचरा मात्र नाही. पाण्याची पातळी वर आली, पाण्यासोबत क्षार वर आले, रान पांढरं पडलं. आता तिथं पाणी कमी नाही, पाणी जास्त आहे. तरी पीक सुकतं. आबांचं अंग असं झालंय. पंपाचं प्रेशर कमी, म्हणून पाणी पुढं जात नाही, मागं तुंबतं. पायात, पोटात, फुप्फुसात.

"मग आंग पाणी टाकून का देत न्हाई?" आबांनी विचारलं. अगदी बरोबर प्रश्न.

त्याचं उत्तर किडनीत आहे. किडनीकडं येणारं रक्त कमी झालं की तिला वाटतं, दुष्काळ पडलाय. ती माण-खटावच्या माणसासारखी वागते, थेंबन् थेंब अडवते. मीठ धरते, कारण मीठ धरलं की पाणी आपोआप धरलं जातं. तहानही वाढवते. बिचारी प्रामाणिकपणे काम करते, पण तिला कुणी सांगितलेलंच नाही की रान आधीच उपळलंय. पाण्याची गोळी म्हणजे चर खणून केलेला निचरा. बाकीच्या गोळ्या किडनीची आणि हृदयाची ही घाबरगुंडी कमी करतात, आणि त्यातल्या काहींनी महिन्यांनंतर पंपाचा जोरही थोडा सुधारू शकतो.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मोटर जळली न्हाई. प्रेशर कमी झालंय."

"हो."

"मग कमी प्रेशरवर कितीक रान भिजतंय तेवढंच भिजवायचं."

यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून कुठं वाचली नाही.

घरी आल्यावर वजनकाटा आणला. पहिल्या दिवशी ५९ दाखवला, लगेच परत उभे राहिले तर ६१. आबा काट्यावर चिडले. चूक आमची होती, काटा पडवीत मातीच्या जमिनीवर ठेवला होता. मग तो आतल्या शहाबादी फरशीवर गेला आणि आकडे जाग्यावर आले. नियम असा: सकाळी उठलं, लघवीला जाऊन आलं, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यात काट्यावर उभं राहायचं, आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. कारण चरबी तीन दिवसांत दोन किलो वाढत नाही, वाढतं ते पाणी. आणि पायावर सूज दिसेपर्यंत आत बरंच पाणी साठून झालेलं असतं. वहीचा फोटो आज्जी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकते. सकाळी सहा वाजता. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी '५९.२' येतं.

मिठाचं प्रकरण जास्त अवघड होतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. आबा म्हणाले, मी वरून मीठ घेतच नाही. खरं होतं. पण वरवंट्यावरचा खर्डा, लोणचं, पापड, चहासोबतचं खारं बिस्कीट, रविवारचं भडंग, यातलं मीठ कोण मोजणार? आज्जीनं शेवटी एक युक्ती केली. सकाळी एका वाटीत दोघांचं दिवसाचं मीठ काढून ठेवते, डबा कपाटात. वाटी संपली की संपली. खर्ड्यात आता मीठ कमी, लसूण आणि लिंबू जास्त. पहिले पंधरा दिवस आबा ताटाकडं बघून उसासे टाकायचे. आता लग्नाच्या पंगतीतलं जेवण त्यांना खारट लागतं. मध्ये मी शहाणपणा करून 'लो सोडियम' मीठ नेलं होतं. डॉक्टरबाईंनी ते परत न्यायला सांगितलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि आबांच्या गोळ्यांपैकी दोन गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत. ते फार वाढलं तर ठोक्याची लयच बिघडते.

पाणी दिवसाला दीड लिटर, चहा-ताक-आमटी धरून. हा आकडा आबांचा आहे बरं का, तुमच्या आजोबांना तो लावू नका. सगळ्यांना पाण्यावर बंधन लागतंच असं नाही, आणि आबांचाही आकडा उन्हाळ्यात बदलावा लागला. एप्रिलमध्ये ऊन चढलं, घाम जायला लागला, गोळी चालूच. एका सकाळी खाटेवरून उठले आणि डोळ्यापुढं अंधारी येऊन परत बसले. वहीत बघितलं तर वजन ५७.४. पाच दिवस खाली खालीच येत होतं आणि आम्ही सगळे ग्रुपवर अंगठे दाखवत होतो! आमच्या डोक्यात एवढंच बसलं होतं की वाढलं की वाईट. निचरा जास्त झाला तरी रान वाळतंच की. फोन केला, रक्त तपासलं, गोळी अर्धी झाली, पाणी थोडं वाढलं. दोन दिवसांत अंधारी गेली.

कामाचं काय, हे मात्र आबांनी स्वतः ठरवलं. मला वाटलं होतं यावर भांडणं होतील. बाईंनी त्यांना एकच माप दिलं होतं, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. आबा ओढ्यापर्यंत चालत जातात, जाताना आज्जीशी बोलत. चढावरच्या चिंचेपाशी वाक्य तुटायचं, तिथं आता एक दगड ठेवलाय बसायला. मे महिन्यात दगड ओलांडून पुढं गेले, पण दगड तिथंच राहू दिला. रात्रीचं पाणी द्यायला जाणं बंद. शेतीची लाइट रात्रीची असते तेव्हा चुलता जातो. वैरणीचा भारा बंद. म्हशीची धार काढणं चालू. एक म्हैस विकली, त्या दिवशी आबा जेवले नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही.

आणि वारी. आबा दरवर्षी माउलींची पालखी लोणंदला आली की सामील व्हायचे आणि फलटणपर्यंत चालायचे. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण त्यांनी किती वर्षं चुकवलं नव्हतं, त्यांनाही आठवत नाही. जूनमध्ये मी घाबरत घाबरत विषय काढला. आबांनी वही पुढं केली. मागच्या पानावर त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. चालणं नाही. लिंबापर्यंत गाडी. पाण्याची एकच बाटली, तीच दिवसभर. कुणी प्रसाद दिला तर कपाळाला लावून आज्जीला द्यायचा. आणि पाण्याची गोळी सकाळी नाही, घरी परत आल्यावर, कारण त्या गर्दीत आडोसा मिळत नाही. शेवटच्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह होतं. "हे तेवढं बाईंना फोन लावून विचार," म्हणाले. "आपल्या मनानं न्हाई करायचं."

विचारलं. एका दिवसापुरतं चालेल म्हणाल्या, संध्याकाळी फार उशीर करू नका, नाहीतर रात्रभर उठावं लागेल.

रिंगणाच्या वेळी आबा रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसले होते. घोडा समोरून गेला तेव्हा उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, परत बसले. शेजारच्या एका वारकऱ्यानं विचारलं, "माउली, दमला का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "हितनं पुढं दमलो आसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर फोटो आला. ५८.८.